एक एकर टोमॅटो, हातात ३० हजार: ठिबक घेऊ की पाटानेच भागवू?

मुरमाड_रान: नमस्कार मंडळी. जुन्नर तालुका, हलकी मुरमाड जमीन. जानेवारीअखेर एकरभर टोमॅटो लावायचाय, पाच फुटांवर सरी. आजवर पाटानेच पाणी दिलं. आत्ता विहिरीवर मोटर दोन तास चालते, मार्चात तासाभरात तळ दिसतो. ठिबक घ्यावं का? ३० हजारांच्या वर एक रुपया नाही.

उसाचा_राजा: डोळे झाकून ठिबक. माझ्या तीन एकर उसाला मोबाईलवरून व्हॉल्व्ह उघडतो. दोन लाख गेले, पण घरी बसून पाणी. दारं धरायला रात्री जायची कटकट संपली.

मुरमाड_रान: दादा, ३० हजार आणि टोमॅटो.

ताई_भाजीवाली: आम्हीपण ठिबकवालेच. ७० टक्के पाणी वाचतं, कारण ठिबकवर झाडाला पाणी कमी लागतं.

जुना_पाटकरी: ताई, झाड पितं तेवढंच पितं. वाचतं ते सरीच्या तोंडाशी खाली मुरणारं आणि मोकळी जमीन भिजवण्यात जाणारं. त्याच्या मुरमाडीत ते भरपूर आहे, काळ्या रानात एवढा फरक पडणार नाही. आमच्या वडिलांची युक्ती सांगतो: सऱ्या आखूड पाडायच्या आणि पाणी एक आड एक सरीला द्यायचं, पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्यांना. खर्च शून्य. पाळी मात्र लवकर येते.

हात_भाजलेला: मी स्वस्तातली पातळ नळी आणली आणि फिल्टरचे पैसे वाचवले. दीड महिन्यात ओळीच्या शेवटची झाडं माना टाकायला लागली. शेवटची टोपी काढली तर आधी तपकिरी गाळ आला, मग शेवाळाचे तंतू, पाणी सगळ्यात शेवटी. वर खारींनी जागोजागी कुरतडलेली. ठिबक नको रे बाबा.

ताई_भाजीवाली: मग दोष फिल्टर न घेणाऱ्याचा! ठिबकचा काय?

ड्रिपर_मोजणारा: भांडणं नंतर. आधी विहीर मोजा. २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो?

मुरमाड_रान: आत्ताच जाऊन मोजलं. ५० सेकंद.

ड्रिपर_मोजणारा: म्हणजे तासाला १४,४०० लिटर. मार्चात तुमच्याकडे दिवसाला एवढंच पाणी. भर फळात, उन्हाळ्यात टोमॅटोला रोज साधारण ५ मिलिमीटर धरा, एकराला २० हजार लिटर. पाटाने यातलं बरंच वाया जातं, म्हणून ३० हजारांच्या वर सोडावं लागेल. म्हणजे ठिबक घेऊनही एकर पुरा पडत नाही.
आता नळीचं. पाच फुटांवर ओळ म्हणजे एकराला साधारण २,६५० मीटर नळी. ४० सेंटिमीटरवर ड्रिपर धरले तर साडेसहा हजारांच्या वर. ताशी ४ लिटरवाले घेतले तर सगळ्यांना मिळून २६ हजार लिटर लागतील, तुमची मोटर देते १४ हजार. मग दाब पडतो, पहिली झाडं पितात आणि शेवटची बघत बसतात. २ लिटरवाले घ्या, तासाला १३ हजारांत बसतं.

उसाचा_राजा: शेततळं करा, सगळा प्रश्न सुटेल.

मुरमाड_रान: ३० हजारांत शेततळं? आणि फळाचं काय? आमच्याकडे पाळी लांबली की फळ तडकतं, बूड काळं पडतं.

ड्रिपर_मोजणारा: आठ दिवस कोरडं आणि एक दिवस चिखल, त्याचाच तो परिणाम. कोरड्या दिवसांत कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, म्हणून बूड काळं. मग एकदम पाणी लागलं की तडकतं. ठिबकवर रोज थोडं दिलं की दोन्ही कमी होतं. पण थोडंच. ड्रिपरखालची माती मुठीत दाबा. लाडू व्हावा, पाणी गळू नये.

काळी_माती: आमच्याकडे उलट झालं. रोज तीन तास ठिबक चालवलं, झाडं पिवळी पडली आणि मर लागली. शेजाऱ्याचा पाटावरचा प्लॉट बरा निघाला.

जुना_पाटकरी: तेच म्हणतोय मी. वाफसा महत्त्वाचा, नळी नाही.

ताई_भाजीवाली: अनुदान का नाही घेत? अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत मिळतं. पण पूर्वसंमती आल्याशिवाय खरेदी करू नका, आमचे त्यात हात पोळलेत. शिवाय पैसे आधी आपल्या खिशातून जातात आणि खात्यावर मागून येतात.

मुरमाड_रान: लावणीला वीस दिवस राहिलेत, तेवढा वेळ नाही.

हात_भाजलेला: घ्यायचंच असेल तर फिल्टर आधी, नळी नंतर. आणि आठवड्याला शेवटच्या टोप्या उघडून धू. ड्रिपरवर पांढरी खपली दिसली तर ते क्षार, त्याला ॲसिड लागतं. नुसत्या धुण्याने जात नाही.

मुरमाड_रान: सगळ्यांचं वाचलं, घरात बोललो. अर्धाच एकर लावतोय, जाळीचा फिल्टर आणि २ लिटरची नळी. दुकानदाराने जोडणीसकट २८ हजार सांगितलेत. मार्चात रोज १० हजार लिटर लागतील, विहिरीत तेवढं आहे. उरलेलं रान नांगरून तापू देतो.

उसाचा_राजा: अर्धा एकर पडीक? वेडेपणा आहे.

जुना_पाटकरी: त्या अर्ध्यात एक आड एक सरी करून बघायला काय हरकत होती?

मुरमाड_रान: १४ मधून १० गेले की ४ हजार लिटर उरतात, काका. त्यात म्हैस पण आहे.