पालक सभेच्या इतिवृत्तात विद्यार्थ्याचे नाव लिहिले गेले आहे, दुरुस्ती कशी करावी? (मदत हवी आहे)

सचिव_शिक्षिका
मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका असून पालक-शिक्षक संघाची सचिव या नात्याने सभेचे इतिवृत्त लिहिते. मागील सभेत आयत्या वेळच्या विषयांत एका वडिलांनी तक्रार मांडली, की आठवी ब मधील अमुक मुलाने मधल्या सुट्टीत त्यांच्या मुलाला मारले. त्यावर दुसऱ्या एका पालकांनी त्या मुलाच्या वडिलांच्या व्यसनाचा उल्लेख केला. पुढे सहलीच्या चर्चेत, दोन मुलींचे प्रत्येकी ९०० रुपये भरलेले नाहीत, हेही नावांसह बोलले गेले. जे बोलले गेले ते लिहिणे माझे काम आहे, असे समजून मी सर्व सहा पानांत नोंदवले. एका सदस्यांनी त्या पानांची छायाचित्रे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. आता त्या मुलाची आई नाव काढण्याची विनंती करते आहे, तर एक सदस्य म्हणतात की नोंदवहीत काहीही खोडणे म्हणजे अफरातफर. मला दोघांचेही म्हणणे पटते. मी काय करावे?

पारदर्शक_पालक
माहितीच्या अधिकारात कोणीही अर्ज केला तर ही पाने द्यावीच लागतील, मग आता झाकून उपयोग काय? नावे काढायला सुरुवात झाली, की उद्या शाळेच्या चुकाही काढल्या जातील.

निवृत्त_मुख्याध्यापक
आपली भीती रास्त आहे, परंतु कायदा तसा नाही. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये व्यक्तिगत माहितीला अपवाद आहे आणि कलम १० नुसार तेवढा भाग वगळून उरलेला मजकूर देता येतो.

बाई, मूळ पान फाडू नका, पांढरी शाई लावू नका. पुढील सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो आणि दुरुस्तीची जागा तीच आहे. मात्र तेथे ती नावे पुन्हा मोठ्याने वाचू नका. ‘विषय क्र. ५ मधील विद्यार्थ्यांची व्यक्तिगत माहिती वगळून इतिवृत्त कायम करण्यात येत आहे’ असा ठराव घ्या, मूळ पानाच्या समासात त्या ठरावाचा क्रमांक व दिनांक लिहून अध्यक्षांची सही घ्या आणि सूचनाफलकावर केवळ दुरुस्त प्रत लावा. मूळ नोंदवही मुख्याध्यापकांच्या ताब्यात कुलूपबंद राहील. खोडले काहीच नाही, त्यामुळे अफरातफरीचा आक्षेप टिकत नाही.

यापुढे संवाद लिहू नका, निर्णय लिहा. मारहाणीचा मुद्दा असा लिहिता आला असता: ‘मधल्या सुट्टीत मैदानावर देखरेख अपुरी असल्याची तक्रार पालकांनी मांडली. सोमवारपासून दोन शिक्षकांची नेमणूक करण्याचे ठरले.’ मुलाविषयीची तक्रार त्या वडिलांकडून लेखी घ्या आणि आवक क्रमांक देऊन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. यात शाळेची चूक उघड राहते, मूल मात्र उघडे पडत नाही. व्यसनाचा उल्लेख कोणत्याच कागदावर असण्याचे कारण नाही.

आठवीची_आई
माझ्या मुलीच्या बाबतीत नाव लिहिले नव्हते, फक्त ‘इयत्ता सहावीतील श्रवणयंत्र वापरणारी विद्यार्थिनी’ असे लिहिले होते. वर्गात २६ मुले होती आणि श्रवणयंत्र एकटीकडेच होते. दुसऱ्या दिवशी सर्वांनी तिला विचारले, ‘तुझी सभा झाली का?’ कृपया केवळ नाव काढून थांबू नका.

निवृत्त_मुख्याध्यापक
हे मी लिहायला हवे होते. वर्ग लहान असेल तर तुकडी, आजार, गैरहजेरीचे दिवस, यांपैकी एकही खूण पुरेशी ठरते. तपासणी सोपी आहे: त्याच वर्गातील एखाद्या पालकाच्या नजरेने वाक्य वाचा आणि मूल ओळखू येते का, ते पाहा.

हिशेब_तपासनीस
आमच्या शाळेत सहलीच्या खर्चाची पावतीच दाखवत नाहीत, त्याबद्दल कोठे तक्रार करावी?

सचिव_शिक्षिका
आपला प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा. पण पैशांचा मुद्दा मला उपयोगी पडला. त्या १,८०० रुपयांची तरतूद आम्ही माजी विद्यार्थी निधीतून केली होती. आता रक्कम व निधीचे नाव फलकावर पूर्ण लिहीन आणि मुलींची नावे फक्त लेखापालांच्या पावतीवर राहतील.

पारदर्शक_पालक
रक्कम, निधी आणि निर्णय उघड राहणार असतील तर माझी हरकत नाही. तक्रार करणाऱ्या पालकाचे नाव मात्र राहावे, नाहीतर कोणीही काहीही बोलेल.

आठवीची_आई
आमचे आडनाव गावात एकच आहे. माझे नाव लिहिले, की मुलगी कळलीच.

सचिव_शिक्षिका
पालकांच्या नावाचा हा मुद्दा मी संघाच्या सभेत ठेवीन, एकटीने ठरवणार नाही. छायाचित्रे टाकणाऱ्या सदस्यांना ती ‘सर्वांसाठी हटवा’ असे मी आज कळवले, परंतु तेवढी मुदत उलटून गेल्याचे ते सांगतात. गटाच्या ॲडमिनला ती काढता येतात, असे ऐकले म्हणून त्यांनाही विनंती केली आहे. ज्यांनी आधीच उतरवून घेतली असतील त्यांच्याबाबत काय करावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?