पहिलं रिस्क रजिस्टर कोऱ्या पानावरून : तासगावजवळचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, सुरुवात कुठून करू?

सावळजकरीण
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं तासगावजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज उभं राहतंय. चार चेंबर, अमोनियाचा प्लँट. पायाचं काम जूनमध्ये सुरू होणार आणि फेब्रुवारीअखेर पहिलं चेंबर थंड पाहिजे, कारण मार्चपासून माल यायला लागतो. संचालक मंडळाने रिस्क रजिस्टर मागितलंय. आधीच्या कामाचं एकही रजिस्टर हाताशी नाही. चेकलिस्ट, स्वॉट, गृहीतकांची तपासणी, मुलाखती असे चार मार्ग वाचनात आले. हातात पंधरा दिवस, माणसं दोन : मी आणि साइट इंजिनिअर. आधी काय करू आणि काय सोडलं तर चालेल?

पाच_बाय_पाच
ताई, चेकलिस्ट घ्या आणि मोकळ्या व्हा. बांधकामाची शे-दीडशे मुद्द्यांची यादी सहज मिळते. प्रत्येकापुढे शक्यता 1 ते 5, परिणाम 1 ते 5, गुणाकार करा, 15 च्या वरचे लाल करा. दोन दिवसांत होतं. स्वॉट म्हणजे मीटिंगचा टाइमपास, मुलाखतीत लोक गप्पा मारतात.

कृष्णाकाठ
वरच्या उत्तरातलं चेकलिस्ट घ्यावी हे बरोबर आहे, पण ती शेवटी. यादी आधी समोर ठेवली की डोकं त्या यादीपुरतंच चालतं. मुद्दा दिसला, टिक केला, पुढे. यादीत नाही ते कुणालाच सुचत नाही. आणि गुण आत्ता नकोत. आज फक्त गोळा करायचं. गुण द्यायला बसलात की तीन माणसं "3 का 4" यावर दुपार घालवतात आणि नवीन जोखीम एकही सापडत नाही.

तुमच्या पंधरा दिवसांत मी असा क्रम ठेवेन : पहिले दोन दिवस गृहीतकं, मग आठवडाभर मुलाखती, मग अर्धा दिवस स्वॉट, आणि सर्वात शेवटी चेकलिस्ट, तीही राहिलेली भोकं शोधायला.

गृहीतकं आधी, कारण ती तुमच्याकडे लिहिलेली आहेतच, फक्त विखुरलेली. वेळापत्रक, बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल, प्लँटवाल्याचं कोटेशन, तिन्ही शेजारी ठेवा आणि "असं होईल" असं जिथे जिथे म्हटलंय तिथे खूण करा. महावितरणची हाय टेन्शन जोडणी जानेवारीत मिळेल. पॅनल दिवाळीनंतर येतील. माल रोज ठरावीक प्रमाणात येईल. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा : हे खोटं ठरण्याची शक्यता खरंच आहे का, आणि खोटं ठरलं तर फेब्रुवारी हुकतो का, किंवा पैसा वाढतो का? दोन्ही उत्तरं "हो" असतील तेच रजिस्टरमध्ये. एकच "हो" असेल तर ते गृहीतकांच्या यादीतच राहू द्या, महिन्याने परत बघा.

ओळ लिहिताना कारण, घटना, परिणाम हे तीन तुकडे वेगळे ठेवा. नुसतं "वीज" किंवा "महावितरण" लिहिलं तर त्यावर काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

वाऱ्याची_दिशा
अमोनिया आहे म्हणताय, मग गळतीचं आधी बघा. डिटेक्टर कुठे, मास्क किती, वारा वस्तीकडे वाहतो का, ऑपरेटर रात्री एकटा असतो का. हॅझॉप करून घ्या, तेच खरं रिस्क रजिस्टर.

कृष्णाकाठ
हॅझॉप लागणारच, पण तो प्लँट चालताना काय बिघडेल ते शोधतो. ताईंचा प्रश्न काम वेळेत आणि बजेटमध्ये उभं राहण्याचा आहे. त्यांच्या रजिस्टरमध्ये याची एकच ओळ येईल : हॅझॉपमधून पाइपिंगमध्ये बदल निघाले तर उभारणी किती लांबेल. अभ्यास ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी झाला तर ती ओळ बंदही होईल.

सावळजकरीण
काल तिन्ही कागद घेऊन बसलो. एकवीस गृहीतकं निघाली, दोन्ही "हो" असलेली आठ. तीन ओळी लिहिल्यात, बघा :

1. पूर येण्याचा धोका.
2. आमच्याकडे अमोनिया प्लँटचा अनुभवी ऑपरेटर नाही.
3. वीजजोडणी उशिरा मिळाल्यास काम रखडेल.

कृष्णाकाठ
तिन्ही ओळींत तीन वेगळ्या चुका आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली ओळ चेकलिस्टची आहे. तुमची साइट पुराच्या पाण्यात येत नसेल तर "पूर : लागू नाही" अशी टिक पडते आणि विषय संपतो. पण कागदात गृहीत धरलंय की जुलै-ऑगस्टमध्ये साहित्य येत राहील. 2019 आणि 2021 ला कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद होती. म्हणजे साइट कोरडी आणि ट्रक रस्त्यात उभा. ओळ अशी होईल : "पायाचं काम पावसाळ्यात असल्याने व काही माल कोल्हापूरकडून येणार असल्याने (कारण), पुरात महामार्ग बंद पडू शकतो (घटना), त्यामुळे सळई-सिमेंट थांबून प्लिंथ पुढे जाईल आणि पॅनल उभारणीची तारीख सरकेल (परिणाम)." आता उपाय दिसतो : साठा आधी करा किंवा पुण्याकडून पर्यायी पुरवठादार धरा.

दुसरी जोखीमच नाही, ती आजची वस्तुस्थिती आहे. ऑपरेटर नाही म्हणजे नाही, त्यात "होईल की नाही" असं काही उरलेलं नाही. तिला कारणाच्या रकान्यात टाका आणि पुढे विचारा, यामुळे काय घडू शकतं? चाचणीच्या वेळी प्लँटवाल्याचा माणूस परत गेला आणि आपल्याकडे चालवणारा नाही, म्हणून चेंबर तापमानाला आणायला वेळ लागला, ही जोखीम. स्वॉटचा उपयोग इथेच. तिथे लिहिलेला कच्चा दुवा हा नेहमी कारणाचा कच्चा माल असतो, तो थेट रजिस्टरमध्ये उचलायचा नाही. आणि बळकट बाजूही सोडू नका. संचालक स्वतः बागायतदार आहेत, म्हणजे मार्चआधीच साठवणुकीची आगाऊ बुकिंग मिळू शकते. ही संधीही त्याच रजिस्टरमध्ये नोंदवा.

तिसरी जवळपास बरोबर आहे, पण "काम रखडेल" कुठलं? बांधकाम जनरेटरवर चालेल. अडेल ती प्लँटची चाचणी. तेवढं नेमकं लिहा, म्हणजे जोडणीचा अर्ज आणि ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर यांची शेवटची तारीख मागे मोजून काढता येते.

पाच_बाय_पाच
मान्य, वाक्य सुधारलं. पण मुलाखती कशाला? हे सगळं कागदावरून निघालंच की.

कृष्णाकाठ
कागदावर जे लिहिलंच नाही ते कसं निघेल? उदाहरण घ्या. प्लँटची क्षमता ठरवताना दिवसाला एकूण साठ्याच्या किती टक्के माल आत येईल हा आकडा धरतात. कोटेशनमध्ये तो कोपऱ्यात असतो. आता बेदाणा शेडवर माल सांभाळणाऱ्याला किंवा काट्यावरच्या माणसाला विचारा की अवकाळी पावसाचा अंदाज आला की काय होतं. वाळलेला माल शेडवर कुणी ठेवत नाही, गाड्या दोन-तीन दिवसांत एकदम येतात. 15 किलोच्या बॉक्सचा तो ढीग एकाच वेळी आत गेला की तापमान खाली यायला वेळ लागतो, आधीच्या मालालाही झळ बसते. हे इंजिनिअरला माहीत नसतं आणि काट्यावरच्या माणसाला कोटेशन कुणी दाखवलेलं नसतं. दोघांत हा एक प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतं.

माणसं सहा ते आठ पुरेत : साइट इंजिनिअर, प्लँटवाल्याचा माणूस, इलेक्ट्रिकल ठेकेदार, हिशेबनीस, एक शेडवाला, एक व्यापारी, आणि जमलं तर आधी कोल्ड स्टोरेज बांधलेलं कुणीतरी. प्रत्येकाला वेगळं भेटा, पाऊण तास. एकत्र बसवलं की अध्यक्षांसमोर ठेकेदार तोंड उघडत नाही. "जोखीम काय वाटते?" असं विचारू नका, उत्तर येतं "काही नाही, सगळं ठीक होईल." त्याऐवजी म्हणा : "समजा मार्च उजाडला आणि चेंबर सुरू नाही. कशामुळे झालं असेल?" मग लोक बोलतात. आणि शेवटी, "यात मी कुणाला भेटायचं राहिलंय?" हाच प्रश्न. सहाव्या-सातव्या भेटीत नवीन काही येईनासं झालं की थांबा.

कराडचा_काटा
आमच्याकडे कराडला दूध संकलनाला नवीन वजन आणि फॅटची मशिनं बसवायचीत, तीन महिन्यांचं काम. एवढं सगळं करायचं म्हणजे काम राहील बाजूला. दहा ओळी पुरतील का?

कृष्णाकाठ
पुरतील. गृहीतकं आणि तीन मुलाखती करा. त्यात एक पहाटे काट्यावर उभा राहणारा हवाच. सकाळच्या गर्दीत मशीन हँग झालं तर वही चालणार का, हे तोच सांगेल. स्वॉट तुमच्या कामाला नको.

सावळजकरीण
पुराच्या ओळीला इशारा कधी धरू? मी "सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर" असं लिहिलंय, ती अधिकृत इशारा पातळी आहे.

वाऱ्याची_दिशा
40 फूट झाल्यावर सिमेंट मागवून काय उपयोग? तोवर ट्रकवाले फोन उचलत नाहीत. कोयनेचा विसर्ग जाहीर झाला की हला.

कृष्णाकाठ
इथे वाऱ्याची दिशा बरोबर आहेत. इशारा असा हवा की त्यानंतर काहीतरी करायला वेळ उरतो. पण नुसत्या कोयनेवर भरवसा नको, वारणेचं आणि मधल्या ओढ्यांचं पाणीही धरावं लागतं, आणि शिरोलीला महामार्ग अडवणारी पंचगंगा तर वेगळीच नदी. तुमच्या ओळीला पंचगंगेची पातळी लावावी का कोयनेचा विसर्ग, हे माल नेमका कुठून येतो त्यावर ठरेल. पुरवठादार पक्का झाल्यावरच ही खूण घाला.

सावळजकरीण
अजून एक. मुलाखतीत कोण काय बोललं, त्याची नावं रजिस्टरमध्ये हवीत असं अध्यक्ष म्हणतायत.

पाच_बाय_पाच
हवीतच. नाव नसेल तर जबाबदार कोण?

कृष्णाकाठ
ती दोन वेगळी नावं आहेत. जोखीम ज्याच्याकडे सोपवली त्याचं नाव प्रत्येक ओळीत हवं, आणि तो एकच माणूस असावा, "सर्व संबंधित" नको. ज्याने सांगितली त्याचं नाव मात्र तुमच्या वहीत ठेवा. रजिस्टरमध्ये "मुलाखत" किंवा "गृहीतक क्र. 7" एवढा स्रोत पुरे.

पाच_बाय_पाच
मग उद्या व्यापारी म्हणाला मी असं बोललोच नाही, तर?

सावळजकरीण
तोच प्रश्न अध्यक्षांचाही आहे. सोमवारी दोन मुलाखती ठेवल्यात, शेडवाला आणि इलेक्ट्रिकल ठेकेदार. ठेकेदाराने आधीच विचारलंय की लिहून घेणार आहात का. झाल्यावर कच्च्या ओळी इथे टाकते.