सोसायटी ग्रुप: गन्स एन रोझेस, पैसे आणि पट्टी

अर्णव (ए ५०४): सॉरी रात्री उशिरा गाडी लावली, महालक्ष्मीवरून यायला खूप वेळ लागला. पण गन्स एन रोझेस बघितलं!! गिटारवाला स्लॅश टोपी घालून आला तेव्हा अख्खं ग्राऊंड वेडं झालं, माझा घसा पूर्ण बसलाय

सावंत काका (बी ३०२): अरे तू १९ वर्षांचा, तो बँड तुझ्या बाबांच्या कॉलेजचा. आणि ही म्हातारी मंडळी २०-२५ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती ना? मग एकदम प्रेम कसं उतू गेलं? पैसा रे बाबा पैसा

प्रिया (ए २०१): काका पैसा तर आहेच पण नुसत्या पैशासाठी असतं तर आधीच एकत्र आले असते की. मी २०१२ ला पण गेले होते, एमएमआरडीए ग्राऊंडवर. तेव्हा पण बॅनरवर गन्स एन रोझेसच होतं पण स्लॅश नाही, बेसवाला डफ नाही, मूळच्यांपैकी फक्त गायक अॅक्सल. गाणी तीच, तरी अर्धा वेळ आजूबाजूचे लोक हा कोण तो कोण हेच विचारत होते

सावंत काका (बी ३०२): नाव तेच आणि माणसं वेगळी हे चालतं कसं, फसवणूकच झाली ना

मंदार (सी १०३): काका लाईव्ह साऊंडचं काम करतो म्हणून थोडं सांगतो, मोठं होईल, आधीच माफी. नव्वदच्या दशकात करार होऊन बँडचं नाव अॅक्सलकडे गेलं. मग १९९६ ला स्लॅश बाहेर पडला, १९९७ ला डफ, तरी नाव अॅक्सलकडेच असल्यामुळे त्याने नवीन लोक घेऊन चालू ठेवलं, कायद्याने काहीच चूक नाही. २०१२ ला स्टेजवर तीन गिटारिस्ट होते, तिघंही एकदम तयार, पण लोकांच्या डोक्यात जो एक माणूस होता तो नव्हता. म्हणजे नाव एकाकडे आणि लोकांना हवे असलेले चेहरे दुसरीकडे. हे दोन एकत्र आले की तिकिटाचा भाव एकदम वेगळा होतो, रियुनियनचं मूळ गणित एवढंच आहे

जोशी काकू (बी १०१): मंदार मग भांडण मिटलं कशाने ते सांग ना

मंदार (सी १०३): आतलं काय ते त्यांनाच ठाऊक काकू, पण बाहेरची परिस्थिती बघा. आधी बँड टूर करायचे ते कॅसेट सीडी खपावी म्हणून, टूरमध्ये फार सुटलं नाही तरी चालायचं, पैसा अल्बममध्ये. मग पायरसी आली, नंतर स्ट्रीमिंग, आणि सगळं उलटं झालं, आता गाणी जवळजवळ फुकट आणि पैसा तिकिटात. नवीन बँडला स्टेडियम भरणं अवघड, जुन्याला सोपं कारण गाणी लोकांना आधीच पाठ आहेत. २०१६ ला एप्रिलमध्ये हे परत आले, आधी लॉस एंजेलिसला एका छोट्या क्लबमध्ये, मग लास वेगास, मग कोचेला फेस्टिवल. पहिल्याच शोला अॅक्सलने पाय मोडून घेतला आणि पुढचे काही शो खुर्चीत बसून गायला. टूरचं नाव होतं नॉट इन दिस लाइफटाइम. २०१२ ला कोणीतरी त्याला विचारलं होतं एकत्र येणार का, त्यावर त्याने दिलेलं उत्तर, तेच चार वर्षांनी पोस्टरवर छापलं

सावंत काका (बी ३०२): या जन्मात नाही म्हणून तिकीट विकलं. नाटकवाल्यांनी शिकावं यांच्याकडून

मंदार (सी १०३): २०१६ ते २०१९ मध्ये १५८ शो आणि ५८ कोटी ४० लाख डॉलरची तिकीटविक्री. तेव्हाच्या भावाने साधारण चार हजार कोटी रुपये, एका शोला सरासरी पंचवीस कोटी. अर्थात हे सगळं बँडच्या खिशात नाही जात. स्टेज, ट्रक, लाईट, क्रू, जागेचं भाडं, जाहिरात सगळं वजा होतं, मग जे उरतं त्यात एवढ्या मोठ्या बँडला बरेचदा ८५-९० टक्के मिळतात आणि बाकीचं प्रमोटरला

प्रिया (ए २०१): आणि मग ते बँडमध्ये कसं वाटायचं, खरं भांडण तिथेच ना

मंदार (सी १०३): बरोब्बर. १९८७ चा पहिला अल्बम पाच जणांनी केला. २०१६ ला परत आले तीनच, अॅक्सल स्लॅश डफ. ड्रमर स्टीव्हन अॅडलर थोड्या शोंना पाहुणा म्हणून येऊन गेला. आणि इझी स्ट्रॅडलिन, जो रिदम गिटार वाजवायचा आणि त्या पहिल्या अल्बममधल्या कितीतरी गाण्यांच्या मुळाशी आहे, तो आलाच नाही. त्याने उघड सांगितलं की कमाई समान वाटायला ते तयार नव्हते. या धंद्यात साधारण असंच चालतं, दोघं तिघं वाटेकरी आणि बाकीचे पगारी. स्टेडियम भरतं गायक आणि टोपीवाल्यामुळे, मग ते म्हणतात समान कशाला

जोशी काकू (बी १०१): मग तो नव्हता म्हणून लोकांनी आरडाओरडा नाही केला?

अर्णव (ए ५०४): काकू खरं सांगू का मला आत्ता कळलं असा कोणी होता 😅

प्रिया (ए २०१): हेच तर मला खटकतं. आम्ही म्हणतो ओरिजिनल बँड हवा, पण ओरिजिनल म्हणजे आमच्यासाठी कोण, तर जो पोस्टरवर होता तो. ज्याने गाणी बसवली तो नसला तरी आमचं काही अडत नाही. २०१२ ला स्लॅश नाही म्हणून आम्ही किती नाकं मुरडली आणि काल इझी नाही याचं कोणालाच सोयरसुतक नव्हतं, मी पण घरी येऊन झोपले मस्त

शिंदे सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या, उद्या ११ ते २ टाकी सफाई आहे, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या

सावंत काका (बी ३०२): तरी माझा मुद्दा राहिलाच, पैशासाठी येतात आणि आव आणतात दोस्तीचा

मंदार (सी १०३): सगळे आव आणत नाहीत काका. सेक्स पिस्टल्स १९९६ ला परत आले तेव्हा टूरचं नावच फिल्दी लुकर ठेवलं, म्हणजे सरळ हरामाचा पैसा

सावंत काका (बी ३०२): बँडचं नाव जरा बघून टाकत जा, ग्रुपवर शाळेतली मुलं आहेत

अर्णव (ए ५०४): काका शाळेतल्या मुलांना माहितीये 😂

जोशी काकू (बी १०१): बरं आवाजाचं काय? साठी ओलांडलेला माणूस तेवढाच वरचा कसा लावणार. आमच्याकडे बाई काळी चारमध्ये गात असेल तर वयाप्रमाणे पट्टी उतरवून काळी दोनला येते, कोणी नावं ठेवत नाही, उलट समजून गायली म्हणतात

मंदार (सी १०३): काकू हाच प्रकार तिकडे पण आहे फक्त तिकडे लपवतात. अॅक्सल आता ६३ चा. बरेच जुने बँड गिटारच्या तारा अर्धा किंवा एक स्वर खाली लावतात, गाणं तेच राहतं पण गायकाला वर चढावं लागत नाही. यांची मात्र पंचाईत अशी की हे सुरुवातीपासूनच अर्धा स्वर खाली वाजवतात, १९८७ च्या रेकॉर्डवर पण तसंच आहे, त्यामुळे ती सोय त्यांनी तरुणपणीच वापरून टाकलेली. मग वरच्या जागी आवाज पातळ होतो, लोक ऑनलाईन मिकी माउस म्हणून चिडवतात. ओळखायचं असेल तर बघा, अवघड ओळ आली की माईक पब्लिककडे जातो, किंवा मागचे लोक तीच ओळ जोरात म्हणतात, किंवा ओळ मुळात वर जायची ती खालच्या स्वरात बोलल्यासारखी म्हटली जाते. ऑनलाईन क्लिपमध्ये हे सगळं उघडं पडतं, ग्राऊंडवर नाही कळत कारण आजूबाजूचे हजारो लोक त्याच्यापेक्षा मोठ्याने गात असतात

अर्णव (ए ५०४): हो माझ्या व्हिडिओत फक्त माझाच आवाज आहे

प्रिया (ए २०१): आणि नवीन गाणं लागलं की बिअरची लाईन वाढते हे कुठल्याही जुन्या बँडच्या शोला बघा

मंदार (सी १०३): ते आयोजकांना पण माहीत असतं, बारवाले सेटलिस्ट मागून घेतात कधीकधी 😄 पण एक गंमत सांगतो, २००८ चा जो अल्बम अॅक्सलने स्लॅशशिवाय केला त्यातली गाणी स्लॅश २०१६ पासून स्टेजवर वाजवतोय. जी ऐकायला कोणी आलेलं नसतं ती. मला तरी वाटतं समेटाची खरी किंमत तिथे दिसते, दुसऱ्याच्या काळातलं काम आपल्या हाताने वाजवायचं

सावंत काका (बी ३०२): हे मात्र पटलं

जोशी काकू (बी १०१): अर्णव तू का गेलास पण? प्रियाचं समजू शकते, तिची कॉलेजची आठवण

अर्णव (ए ५०४): बाबा गाडीत लावायचे लहानपणी. आणि थॉरचा तो २०२२ चा पिक्चर आलेला ना त्यात यांची बरीच गाणी होती, माझ्या वर्गातले अर्धे तिथून आले. आठवण वगैरे नाही, मला फक्त खरंच आहेत का हे लोक ते बघायचं होतं

प्रिया (ए २०१): साधारण १० ते ३० वयातल्या आठवणी आयुष्यभर सगळ्यात ठळक राहतात म्हणतात, माझं तसं आहे. काल पण मी २०२५ चा अॅक्सल बघतच नव्हते, रूईयाच्या कट्ट्यावरचा टेप ऐकत होते. त्यामुळे तो बेसूर झाला तरी मला कळलं नसतं. अर्णव मात्र फ्रेश कानाने ऐकतो, त्याने सांगावं कसा होता

अर्णव (ए ५०४): गिटार दहापैकी दहा. गाणं सहा. पण परत लावला तर परत जाईन

सावंत काका (बी ३०२): आपल्याकडे कोण आलं का असं परत? रॉक मशीन होते, मुंबईचेच, ८४ साली सुरू झालेले, आम्ही रंगभवनला ऐकलेत

मंदार (सी १०३): तेच पुढे इंडस क्रीड झाले काका. १९९७ ला थांबले आणि २०१० ला परत आले, आणि परत येऊन २०१२ ला नवीन अल्बम काढला, इव्हॉल्व्ह. इथे स्टेडियमचा पैसा नाहीच, उदय बेनेगल आणि मंडळींना वाजवायचंच होतं म्हणून आले. मला ते रियुनियन जास्त आवडतं, पण खरं सांगायचं तर त्यांच्या शोला पण मागून जुनी गाणी वाजवा अशीच ओरड असते

सावंत काका (बी ३०२): ती ओरड माझीच असेल. बरं ते इझीचं राहिलं, म्हणजे कालचे त्याला शून्य?

मंदार (सी १०३): शून्य नाही. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, स्टेजवर कोणीही वाजवो, आयोजकाला परवाना काढावा लागतो, आपल्याकडे आयपीआरएस म्हणून संस्था आहे, तिथून तो वाटा परदेशातल्या संस्थेमार्फत लेखकापर्यंत पोचायला हवा. तिकिटाच्या मानाने चिल्लर आणि यायला वेळ लागतो, पण लिहिणाऱ्यांना दर शोमागे काहीतरी मिळायला हवं. आणि टूरमुळे लोक जुनी गाणी परत ऐकतात त्याचे वेगळे

सावंत काका (बी ३०२): म्हणजे गुडघे न दुखवता घरी बसून. सगळ्यात हुशार हाच निघाला

प्रिया (ए २०१): हुशार कसला काका, त्याला यायचं होतं, बरोबरीचा वाटा मागितला तर नाही म्हणाले. पंचवीस कोटीच्या शोसमोर ती चिल्लर दाखवून हुशार म्हणू नका