मदत हवी आहे: ड्रोनचा फोटो याच पुराचा की जुना?

मंडळी, नमस्कार. बडोद्यात विश्वामित्री नदी परवा चढली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ड्रोनचा फोटो आला, "आत्ताचा, मागची गल्ली बुडाली". शेजारच्या काकूंनी लगेच धान्याचे डबे माळ्यावर चढवले! मला तो २०२४च्या ऑगस्टमधल्या पुराचा वाटतोय.

फोटोत कोपऱ्यावरची इमारत तीनच मजल्यांची आहे, वर सळया उभ्या. आज तिथे सात मजले आहेत. म्हणजे फोटो नक्की जुना. फक्त किती जुना, ते गूगल अर्थवरच्या मागच्या तारखांची चित्रं पाहून ठरवतोय. व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे फोटोतली मूळ तारीख गेलीच आहे.

दुसरी शंका होडीची. ती शेजारच्या मोटारीच्या अडीचपट लांब दिसते. मोटार साधारण ४ मीटर धरली, तर होडी १० मीटरची! बचावाच्या रबरी होड्या जवळपास निम्म्या असतात. दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, आणि मोटारीची सावली पडलीय, होडीची नाही. होडी चिकटवलेली असावी.

आता अडलंय ते इथे: परवा गल्लीत खरंच पाणी होतं का? सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रात नुसते ढग आहेत. सेंटिनल-१चं रडार ढगांतून पाहतं, पण पाणी काळं दिसण्याऐवजी भिंतींवरून लहरी परतून गल्ली उलट उजळ दिसते. पुराआधीच्या, त्याच कक्षेतल्या चित्राशी तुलना करून कुणी हे सोडवलंय का? की एवढ्या अरुंद गल्लीसाठी १० मीटरचा पिक्सेल कामाचाच नाही?