‘पुनर्मूल्यांकन’, ‘तक्रार’ की ‘फेरविचार’?

ऐरोलीकर : ठाण्याच्या एका कॉलेजात एम.ए. करतेय. 20 गुणांच्या असाइनमेंटला 11 मिळाले. विभागप्रमुखांना द्यायच्या पत्राला ‘पुनर्मूल्यांकनाबाबत तक्रार’ असा विषय घातलाय, पण खटकतंय. गुण कशाला किती ते सांगणाऱ्या तक्त्यात, म्हणजे रुब्रिकमध्ये, ‘संदर्भांचा वापर’ या ओळीत 5 गुणांच्या चौकटीत ‘किमान चार संदर्भ, मजकुरात उल्लेखासह’ असं आहे. माझे सहा आहेत. तरी 2 गुण, शेरा ‘संदर्भ नाहीत’. विश्लेषणाला 3, शेरा ‘वरवरचे’. तिथेही अन्यायच झालाय.

कळवेकर : पुनर्मूल्यांकनच लिहा. माझ्या भाच्याने बारावीला आधी छायाप्रत मागवली, मग अर्ज केला. फी भरलीत का?

नौपाडा : कळवेकर, ती बोर्डाची वाट. पुनर्मूल्यांकन म्हटलं की अख्खा पेपर पुन्हा तपासायचा, त्यात गुण कमीही होऊ शकतात. हिला एकाच ओळीकडे पुन्हा बघायला हवंय, म्हणून ‘फेरविचार’. आणि ‘तक्रार’ माणसाविरुद्ध वाचली जाते. विषय असा ठेव : ‘असाइनमेंटच्या गुणांचा फेरविचार होण्याबाबत’.

विश्लेषणाचा मुद्दा मात्र काढून टाक. मी बरीच वर्षं असाइनमेंट तपासल्यात. ‘वरवरचे’ हे मत आहे, त्यावर वाद घातलास की पत्रातला खरा मुद्दाही चिडचिड वाटू लागतो. ‘नाहीत’ ही नोंद आहे, पान उघडलं की खरी-खोटी कळते.

वाशीवाली : रुब्रिकऐवजी ‘निकष’ लिहावं, सरळ मराठी शब्द आहे.

नौपाडा : निकष म्हणजे फक्त ओळीचं नाव. हिचा सगळा आधार चौकटीतल्या वाक्यावर आहे. कागदावर ‘रुब्रिक’ छापलंय ना? मग तेच लिहायचं, आणि चौकटीतलं वाक्य अवतरणात जसंच्या तसं. ऐरोलीकर, सहाही संदर्भ मजकुरात आहेत का, ते मोजलंस?

ऐरोलीकर : आत्ता मोजले. यादीत सहा, मजकुरात चारच. पान 3 वर दोन, 5 आणि 6 वर एकेक.

नौपाडा : मग ‘चार’च लिही. सहा लिहिलेस आणि त्यांनी चार मोजले, तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास गेला.

ऐरोलीकर : असं जमतंय का? ‘संदर्भांचा वापर या निकषात 2 गुण असून “संदर्भ नाहीत” असा शेरा आहे. रुब्रिकनुसार 5 गुणांसाठी “किमान चार संदर्भ, मजकुरात उल्लेखासह” अपेक्षित आहेत. माझ्या लेखनात पान 3, 5 व 6 वर असे चार उल्लेख आहेत. ते नजरचुकीने राहून गेले असावेत. कृपया या निकषाच्या गुणांचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती.’

वाशीवाली : ‘नजरचुकीने’ काढा. चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवून टाकताय.

नौपाडा : मला उलट वाटतं. त्या शब्दाने सरांना अडचणीत न येता गुण बदलायला वाट मिळते.

वाशीवाली : आमच्या खात्यात हाच शब्द लिहिला की साहेब आधी विचारतात, ‘कोणाची नजर?’

ऐरोलीकर : ते वाक्य तूर्त कंसात ठेवलंय. पत्र विषयशिक्षकांमार्फत जाणार आहे, म्हणजे पहिल्यांदा तेच वाचतील.