सुडोकू सोल्व्हरची असाइनमेंट: तुमचं बॅकट्रॅकिंग कुठे अडलं? (अनुभव लिहा)

कंसातली

दुसऱ्या वर्षाला प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये सुडोकू सोल्व्हर येतोच. रिकामं घर शोधा, 1 ते 9 आकडे टाकून बघा, ओळ, स्तंभ आणि बॉक्स तपासा, पुढे जा, अडलात तर मागे या. ऐकायला पाच मिनिटांचं काम आहे, पण प्रत्यक्षात रात्र जाते. ज्यांनी लिहिलाय, तपासलाय किंवा व्हायवात त्यावरून उलटतपासणी सोसलीय, त्यांनी इथे लिहा. "आमचा चालला" एवढंच नको. कुठे अडलं आणि कसं कळलं ते सांगा.

सगळ्यांच्या नजरेसमोर एकच कोड असावा म्हणून नेहमीचा सांगाडा देते.

```c
int solve(void) {
    int r, c, d;
    if (!findEmpty(&r, &c)) return 1;
    for (d = 1; d <= 9; d++) {
        if (ok(r, c, d)) {
            b[r][c] = d;
            if (solve()) return 1;
            b[r][c] = 0;
        }
    }
    return 0;
}
```

सेमीकोलन

मीच सुरुवात करतो, कारण हे ताजं आहे. आमच्या ग्रुपच्या कोडमध्ये `b[r][c] = 0;` ही ओळच नव्हती. सोपी कोडी सुटत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. मॅडमनी अवघड कोडं दिलं आणि उत्तरात एकाच बॉक्समध्ये दोन 7 आले. तेव्हा नव्यांना एवढंच सांगेन की ती ओळ विसरू नका, नाहीतर आकडे दुबार येतात.

उंबरठा

लॅबमध्ये असाइनमेंट तपासायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सेमीकोलन, ओळ विसरू नये हे खरंच आहे, पण तू सांगतोस तो परिणाम त्या ओळीचा नाही. शून्य करायचं राहिलं तर आकडे दुबार येऊच शकत नाहीत. कुठलाही आकडा `ok` ने होकार दिल्यावरच बसतो, आणि `ok` ग्रिडमध्ये त्या क्षणी जे काही आहे ते सगळं बघतं, मागे राहिलेले शिळे आकडेसुद्धा. म्हणजे ग्रिड कायम नियमात असतं. बिघडतं ते वेगळंच: कोड्याला उत्तर असूनही प्रोग्रॅम "उत्तर नाही" म्हणतो.

कागदावर करता येईल असं छोटं उदाहरण देतो. 4×4, आकडे 1 ते 4, बॉक्स 2×2 चा.

```
0 0 0 4
0 0 1 0
0 2 0 0
4 0 2 0
```

पहिल्या घरात 1 बसतो. दुसऱ्या घरात 1 ओळीमुळे नाही, 2 स्तंभामुळे नाही, म्हणून 3 बसतो. तिसऱ्या घराला ओळीतून उरतो फक्त 2, पण त्या स्तंभात खाली 2 आहे. अडलं. आता मागे. दुसऱ्या घरात 3 नंतर 4 बघितला, तो ओळीत आहेच, म्हणून लूप संपला आणि फंक्शनने 0 परत केला. पण शून्य करणारी ओळ नसल्यामुळे दुसऱ्या घरात 3 तसाच बसून राहिला.

पहिल्या घरात आता 2 येतो, आणि तोच बरोबर आहे. पण `findEmpty` ला दुसरं घर भरलेलं दिसतं, त्यामुळे ते थेट तिसऱ्यावर जातं. ओळीत 2, 3, 4 झालेत, उरला 1, आणि स्तंभात 1 आहे. पुन्हा अडलं. पहिल्या घरात 3 चालत नाही, कारण तो शिळा 3 शेजारीच आहे. 4 तर ओळीत आहेच. खेळ खलास. शेवटी ग्रिड छापलं तर पहिली ओळ `2 3 0 4` दिसते. बघा, दुबार काहीच नाही, फक्त अर्धवट. ओळ जागेवर असती तर पहिली ओळ 2 1 3 4 होऊन पुढचं सगळं सरळ सुटलं असतं.

सोपी कोडी का सुटतात तेही यातच आहे. चुकीचा आकडा बसवून माघार घ्यायची वेळच आली नाही, तर शिळं काही राहणारच नाही. म्हणून मी तपासताना पहिला प्रयत्नच फसेल असं कोडं आधी देतो.

सेमीकोलन

दादा, पण दोन 7 मी स्वतः बघितलेत! ती ओळ घातली तरी येत होते हे मात्र आत्ता आठवलं. मग आम्ही अख्खं `ok` नव्याने लिहिलं आणि थांबले.

उंबरठा

मग जुनं `ok` दाखव. नव्वद टक्के बॉक्सचं सूत्र असणार.

सेमीकोलन

```c
for (i = 0; i < 3; i++)
    for (j = 0; j < 3; j++)
        if (b[r/3 + i][c/3 + j] == d) return 0;
```

उंबरठा

हेच ते. `r/3` म्हणजे बॉक्स कितवा, बॉक्स कुठल्या ओळीपासून सुरू होतो ते नव्हे. समजा घर आहे (4,7), मोजणी शून्यापासून. बघायला हव्यात ओळी 3 ते 5 आणि स्तंभ 6 ते 8. तुमचा कोड बघतो ओळी 1 ते 3 आणि स्तंभ 2 ते 4. ते घर स्वतःसुद्धा त्यात नाही. त्यामुळे खऱ्या बॉक्समधला 7 दिसत नाही, आणि भलत्याच जागचा 7 मात्र आडवा येतो. `r - r%3` किंवा `r/3*3` केलं की झालं.

हे लवकर लक्षात येत नाही, कारण वरच्या डाव्या बॉक्ससाठी चुकीचं सूत्रही बरोबर चालतं: तिथे दोन्हीचं उत्तर शून्यच. आणि पोरं हाताने तपासतात तो नेमका तोच बॉक्स. `ok` एकटंच (4,7) किंवा (8,8) वर चालवून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

पेन्सिल आणि खोडरबर

मी प्रोग्रॅमिंगवाली नाही, मुलीने हा धागा दाखवला. मी रोज सुडोकू सोडवते आणि असं आकडे टाकून बघणं मला पटतच नाही. प्रत्येक घरात कोणते आकडे चालतील ते कोपऱ्यात बारीक लिहायचे, ज्या घरात एकच उरला ते आधी भरायचं. अंदाज करायची वेळ क्वचितच येते. तुमचा कॉम्प्युटर एवढा हुशार, मग तो पहिल्या घरापासून आंधळेपणाने का सुरू करतो?

कंसातली

काकू, धागा कोडं हाताने सोडवण्याबद्दल नव्हता, पण राहू दे, प्रश्न कामाचा आहे.

पायथॉनवाला

काकूंच्या प्रश्नावर नंतर कुणी बोलेलच, मी आधी शिळ्या आकड्यांबद्दल सांगतो. आमच्या बॅचमध्ये एकाने शून्य करणं टाळायला युक्ती काढली होती: प्रत्येक कॉलला ग्रिडची प्रतच द्यायची, म्हणजे मूळ बिघडणारच नाही. कल्पना चांगली, पण त्याने लिहिलं `nb = b[:]`. यात बाहेरची यादी नवी होते, आतल्या नऊ ओळी त्याच राहतात. म्हणजे "प्रत" मध्ये लिहिलेला आकडा मूळ ग्रिडमध्येही जातो, आणि उंबरठा दादांचं ते 4×4 इथेही तस्संच फसतं. `[row[:] for row in b]` केल्यावर प्रत खरी झाली, पण मग नवीन घोळ: सोल्व्हर `True` म्हणतो आणि छापलेलं ग्रिड रिकामंच! उत्तर आतल्या प्रतीत राहिलं. खरी प्रत करायची तर भरलेलं ग्रिडच परत द्यावं लागतं. एवढं करण्यापेक्षा ती एक ओळ लिहिणं परवडतं, असं माझं मत.

उंबरठा

माझंही. एक भर घालतो: शून्य करणारी ओळ लूपच्या आत नसून `return 0` च्या आधी एकदाच असली तरी हा सांगाडा चालतो, कारण पुढचा आकडा जुन्यावरच लिहिला जातो. व्हायवात हे विचारलं की अर्धा वर्ग "नाही चालणार" म्हणतो. मात्र ओळ-स्तंभ-बॉक्ससाठी "हा आकडा वापरला" अशा वेगळ्या खुणा ठेवल्या असतील, तर प्रत्येक आकड्याची खूण तिथल्या तिथे पुसावीच लागते.

रिकामं घर

माझा किस्सा इनपुटचा. मैत्रिणीने कोडं टाईप करताना शेवटच्या ओळीत एक 5 जास्तीचा घातला. प्रोग्रॅम चालू, पंखा जोरात, उत्तर नाही. सगळे म्हणाले की अनंत लूप आहे. तसा तो नव्हता. सोल्व्हर फक्त स्वतः बसवलेले आकडे तपासतो, दिलेले आकडे एकमेकांशी भांडतायत का हे तो कधीच बघत नाही.

सेमीकोलन

मग दोन 5 असलेलं उत्तरच यायला हवं ना? दिलेले आहेत म्हणजे ते तसेच राहणार.

रिकामं घर

मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या ओळीत दोन 5 म्हणजे एखादा आकडा, समजा 8, तिथे बसणार नाही. नऊ स्तंभ नीट भरायचे तर प्रत्येकात एक 8 हवा, म्हणजे एकूण नऊ. ते उरलेल्या आठ ओळींत बसवायचे, तर एका ओळीत दोन येणार, आणि ते `ok` होऊ देत नाही. म्हणून ग्रिड पूर्ण होणं अशक्य आहे. पण प्रोग्रॅमला हा हिशेब कळत नाही, तो एकेक शक्यता संपवत बसतो. आता मी `solve` च्या आधी दिलेला प्रत्येक आकडा क्षणभर शून्य करून `ok` ला विचारते आणि परत ठेवते. तसं न करता विचारलं तर आकडा स्वतःलाच बघून "नाही" म्हणतो.

उंबरठा

आता काकूंचा प्रश्न. कोड बरोबर असूनही रांगेत चालणारा सोल्व्हर किती दमतो ते या कोड्यावर दिसतं. दिलेले आकडे फक्त 17 (2012 मध्ये गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने कॉम्प्युटरवर दाखवून दिलं की एकच उत्तर हवं असेल तर यापेक्षा कमी चालत नाहीत), आणि पहिली ओळ पूर्ण रिकामी.

```
..............3.85..1.2.......5.7.....4...1...9.......5......73..2.1........4...9
```

उत्तराची पहिली ओळ आहे 987654321. आपण 1 पासून चढत जातो, म्हणजे पहिल्या घरात 1 ते 8 सगळे खोटे ठरेपर्यंत 9 ची पाळी येत नाही. आकडे कोट्यवधी वेळा बसवले आणि काढले जातात. लूप 9 वरून 1 कडे फिरवला तर ती ओळ पहिल्याच दमात बरोबर लागते. पण ही कोडं माहीत असल्यावरची चलाखी झाली. खरा उपाय काकूंचाच: `findEmpty` ने पहिलं रिकामं घर न देता, सर्वांत कमी आकडे चालतील असं घर द्यायचं. बाकीच्या `solve` ला हातही लावावा लागत नाही.

पेन्सिल आणि खोडरबर

म्हणजे कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवर आला म्हणायचा.

पायथॉनवाला

आमच्याकडे असं केल्यावर सरांनी मार्क कापले. असाइनमेंटमध्ये "पहिलं रिकामं घर" असं लिहिलं होतं म्हणे.

उंबरठा

मी नसते कापले. पण कॉलची संख्या मोजून जुळवायची असेल, तर घरांचा क्रम सगळ्यांचा एकच लागतो, हेही खरं.

कंसातली

आणि "उत्तर एकच आहे का" हे विचारलं असेल तर? पहिलं उत्तर सापडल्यावर `return 1` न करता मोजत पुढे जायचं, इथवर माझं झालंय. दुसरं सापडल्यावर थांबायचं हेही कळतं. पण तोवर पहिलं उत्तर ग्रिडमधून पुसलं जातं. ते तुम्ही कुठे साठवता?