आईसाठी चोवीस तासांची बाई: मालकाला विचारायचं की नाही?

फोंड्याची भाडेकरू: आईला पक्षाघात झालाय, डावी बाजू गेलीय. राहणारी बाई ठेवायचीय. अकरा महिन्यांच्या करारात आमची चौघांचीच नावं आहेत, 'इतर कोणी राहणार नाही' असं कलमही आहे. मालकांना काय लिहून द्यावं?

सरळबोल्या: काही देऊ नका. भाडं वेळेवर देता ना? कामवाली म्हणजे पोटभाडेकरू नव्हे.

नोटरीशेजारचा: असले सल्ले वाचले की डोकं फिरतं. पोटभाडं नाही हे खरं. बाई भाडं देत नाही, खोलीचा ताबाही तिच्याकडे नाही. पण कलम पोटभाड्याचं नाहीच, राहणाऱ्यांच्या नावांचं आहे. न सांगता ठेवलीत तर करारभंगाचं आयतं निमित्त मालकाला मिळेल, तेही आई अंथरुणात असताना.

एक पानी अर्ज करा. बाईचं नाव, मूळ पत्ता, आधारची प्रत, फोटो. ती आईच्याच खोलीत झोपेल, पगार तुम्ही द्याल, काम संपलं की जाईल. आणि लोक विसरतात ती ओळ: 'बाई बदलल्यास नवीन बाईची कागदपत्रं दोन दिवसांत देऊ.' एजन्सीच्या बाया बदलत राहतात, नाहीतर दर वेळी नव्याने विनवण्या. मालकाची सही करारालाच पुरवणी जोडून घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका.

म्हापशाचा भाटकार: सही करा म्हणणं सोपं. उद्या तीच बाई मुंडकार म्हणून, आम्हा जमीनमालकांच्या जागेत कायम राहण्याचा हक्क सांगत उभी राहिली तर?

नोटरीशेजारचा: गोव्याचा 1975 चा मुंडकार कायदा उघडून तरी बघा हो. भाडं देणारा मुंडकार नाही, आणि ज्याच्याकडे काम करतो त्याच्याच घरात राहणारा पगारी घरनोकर व्याख्येतूनच वगळलाय. पगाराची ओळ अर्जात म्हणूनच हवी.

म्हापशाचा भाटकार: व्याख्या तुमच्याजवळ ठेवा. मामलेदाराकडे तारखा आम्ही मोजतो.

कुळागरवाला: आणि मुंडकार काय मजेत आहेत? पिढ्यान्‌पिढ्या भाटात राबूनही घर नावावर करायला तेच मामलेदाराचे उंबरे झिजवतात. रडताय कोण, तर भाटकार!

म्हापशाचा भाटकार: तुम्हाला कुणी बोलावलं?

पर्वरीकर: पैसे देऊन बाहेरचं माणूस राहणार तर पर्यटन खात्यात नोंदणी करा.

नोटरीशेजारचा: बाई पैसे देणार नाही, घेणार आहे. धागा वाचा.

रात्रपाळी: मुंडकार राहू द्या, आईकडे बघा. पाठीला जखमा व्हायला नकोत तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एकच बाई दिवसभर राबून रात्रभर जागणार नाही. चार दिवसांत झोप लागेल किंवा काम सोडेल. टाचा, माकडहाड रोज बघा. लालसर डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली समजा. बारा-बारा तासांच्या दोघी ठेवा. मग मुक्कामाला कुणीच नाही, कलमाचा प्रश्नही उरत नाही.

म्हापशाचा भाटकार: वा! मग हवी कशाला आमची सही? पण पोलीस ठाण्यात दोघींची पडताळणी करून घ्या, आणि टाकीचं पाणी जपून वापरा. रोज चादरी धुणार म्हणजे मोटर आमचीच जळणार.

फोंड्याची भाडेकरू: दोघींचा पगार झेपणार नाही. शिवाय बाई वाळपईची, रात्री उशिरा परत जाणार कशी? तिला राहावंच लागेल. रात्री दोनदा मी उठेन. अर्ज आज लिहिते. पुरवणीला स्टँपपेपर लागतो का?

सरळबोल्या: बघा, लागला स्टँपपेपर!